आकडा एक लाख एक्याण्णव हजारांचा, पण वाद किती रुपयांचा?

जीएसटीची कारणे दाखवा नोटीस हातात पडली की बहुतेक व्यापाऱ्यांची नजर थेट तळाच्या एकूण रकमेवर जाते. जाणकार करसल्लागार मात्र आधी कलम पाहतात. २०२३-२४ पर्यंतच्या आर्थिक वर्षांसाठी कलम ७३ म्हणजे हेतू वाईट नव्हता, पण कर कमी भरला गेला, असा आरोप. कलम ७४ म्हणजे फसवणूक किंवा जाणूनबुजून दडवादडवी. पहिल्यात दंड कराच्या दहा टक्के असतो, दुसऱ्यात तो कराइतकाच होऊ शकतो. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना ७४अ हे एकच कलम लागते. तिथे फसवणुकीचा आरोप आहे की नाही, हे मजकुरातून पाहावे लागते.

एक उदाहरण घेऊ. सांगलीतल्या एका हार्डवेअर दुकानदाराला २० डिसेंबर २०२३ रोजी २०१८-१९ या वर्षासाठी कलम ७३ खाली नोटीस निघाली, असे समजा. सोबतच्या डीआरसी-०१ या गोषवाऱ्यात एकूण मागणी १,९१,००० रुपये आहे. ती फोडली की कर ९०,०००, व्याज ८१,००० आणि दंड २०,००० असे तुकडे पडतात. वार्षिक १८ टक्के दराने ९०,००० वर पाच वर्षांचे व्याज ८१,००० होते, म्हणजे व्याजाचा हिशेब जुळला. दंड दहा टक्क्यांनी ९,००० व्हायला हवा होता. पण केंद्र आणि राज्य या दोन्ही कायद्यांत तो वेगवेगळा लागतो आणि प्रत्येकी किमान १०,००० असतो, म्हणून २०,०००. खरा वाद आहे तो ९०,००० चा. काही नोटिशींत व्याजाच्या रकान्यात शून्य असते आणि खाली ‘नियमानुसार’ असे लिहिलेले असते. तिथे व्याज माफ झालेले नसते; ते कर भरेपर्यंत वाढत राहते.

आता कारण. ते गोषवाऱ्यात एका ओळीत असते, तपशील जोडपत्रात. इथे म्हटले आहे, ‘नोव्हेंबर २०१८ च्या ३बी रिटर्नमध्ये घेतलेले क्रेडिट २अ मध्ये दिसणाऱ्या क्रेडिटपेक्षा ९०,००० ने जास्त’. हे वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यावे. कारण कलम ७५(७) नुसार अंतिम आदेशात नोटिशीपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही आणि नोटिशीत नसलेल्या कारणावरही मागणी उभी करता येत नाही. उद्या आदेशात ‘माल मिळालाच नाही’ असा नवा मुद्दा आला, तर अपिलात हेच वाक्य कामी येते.

जोडपत्रातली बिले खरेदी-वहीशी ताडल्यावर फरकाचे दोन भाग निघतात. ६४,००० चे क्रेडिट एका पुरवठादाराचे आहे. त्याने कर भरला, पण आपल्या रिटर्नमध्ये ही विक्री ग्राहकाचा जीएसटी क्रमांक न टाकता दाखवली. उरलेले २६,००० दुकानाच्याच हिशेबातली चूक, एकच बिल दोनदा चढवलेले.

तारखा दोन असतात: उत्तराची आणि सुनावणीची. इथे उत्तराची मुदत १९ जानेवारी २०२४ आहे. शिवाय एक मुदत कायद्यातच दडलेली आहे. कलम ७३ च्या नोटिशीनंतर ३० दिवसांत कर आणि व्याज भरले तर दंड लागत नाही. नोटीस पोर्टलवर ‘View Additional Notices/Orders’ या कप्प्यात जाऊन पडते आणि कित्येकांना ती मुदत उलटल्यावरच दिसते, म्हणून तो कप्पा वेळोवेळी उघडावा लागतो. उत्तराला वेळ कमी पडणार असेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी करायचा असतो.

कागदपत्रांच्या यादीत सहसा खरेदी बिले, खातेवही आणि बँक स्टेटमेंट असते. पण मागितलेले कागद आणि बाजू सिद्ध करणारे कागद नेहमी एकच नसतात. ६४,००० साठी निर्णायक कागद पुरवठादाराकडून येतो. डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकानुसार २०१७-१८ आणि २०१८-१९ या वर्षांत एका पुरवठादाराचा फरक पाच लाखांपर्यंत असेल, तर कर भरल्याचे त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र चालते. त्याहून जास्त असेल तर सीएचे किंवा कॉस्ट अकाउंटंटचे लागते. माल खरोखर आला हे दाखवायला ई-वे बिल आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी जोडावी.

२६,००० चा बचाव करण्यात अर्थ नाही. ते क्रेडिट वापरलेले असेल तर त्यावर पाच वर्षांचे व्याज २३,४०० होते. एकूण ४९,४०० रुपये डीआरसी-०३ ने ३० दिवसांत भरायचे, चलनाची प्रत जोडायची आणि या भागावर दंड नको असे उत्तरात लिहायचे. उत्तर जाते डीआरसी-०६ मध्ये. त्यात ‘प्रत्यक्ष सुनावणी हवी’ हा पर्याय निवडणे सोडू नये. अशी मागणी केली की कलम ७५(४) खाली अधिकाऱ्याला सुनावणी द्यावीच लागते, आणि सुनावणीत चर्चा उरते ती फक्त ६४,००० ची.