आभाळातल्या विजेत युनिट किती?

वळवाचा पाऊस सुरू झाला, आभाळ कडाडलं आणि नेमके त्याच वेळी घरातले दिवे गेले, की कुणीतरी हमखास म्हणतं: वर एवढी वीज फुकट पडतेय, ती साठवून का वापरत नाहीत? प्रश्न शाळकरी वाटला तरी तो उडवून लावण्यासारखा नाही. ‘ती फार जबरदस्त असते, आपल्याला झेपत नाही’ असं उत्तर सहसा दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आधी तिच्यात वापरण्याजोगं असतं किती, हे बघायला हवं.

मोजमाप आपल्या वीजबिलातलंच घेऊ. हजार वॉटची इस्त्री तासभर सतत चालली की एक युनिट जळतं. शास्त्राच्या भाषेत ती ३६ लाख ज्यूल ऊर्जा झाली. ढगातून जमिनीवर येणाऱ्या एका साधारण विजेत सगळी मिळून सुमारे १०० कोटी ज्यूल ऊर्जा असते. एखादी वीज याच्या निम्मी असते, एखादी कैक पट मोठी, पण हिशेबाला हा आकडा ठीक आहे. भागाकार केला की उत्तर येतं २७८ युनिट. फ्रिज, दोन-तीन पंखे, टीव्ही आणि दिवे असलेल्या, महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराचे पावणेतीन महिने त्यावर निघतील. युनिटला आठ रुपये धरले तर ही सव्वादोन हजार रुपयांची वीज झाली.

एवढीच? मग तो डोळे दिपवणारा लखलखाट आणि घराच्या काचा हादरवणारा गडगडाट कसला? तो वेगाचा आहे. विजेचा मुख्य झोत सेकंदाच्या काही लाखांश भागात शिगेला पोहोचतो आणि पुढच्या क्षणी ओसरतो. तेवढ्यात साधारण ३० हजार अँपिअरचा प्रवाह वाहून जातो. घराच्या मीटरमधून एका वेळी फार तर वीस-तीस अँपिअर जातात. म्हणजे ऊर्जा बेताची, पण ती बाहेर पडण्याचा वेग भयंकर. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. तो पूर्ण क्षमतेने चालत असताना एका विजेइतकी ऊर्जा अर्ध्या सेकंदात तयार करतो, आणि तशी तासन् तास करत राहू शकतो.

सगळ्या पृथ्वीचा हिशेबही फारसा मोठा भरत नाही. उपग्रहांच्या निरीक्षणांनुसार जगभरात दर सेकंदाला सुमारे ४४ विजा चमकतात. त्यातल्या बहुतेक ढगातल्या ढगात किंवा एका ढगातून दुसऱ्यात जातात. जमिनीवर येणाऱ्या सेकंदाला दहाएक धरल्या आणि त्यांची झाडून सगळी ऊर्जा पकडता आली असं मानलं, तरी हाती येतात दहा हजार मेगावॉट. ३० मे २०२४ रोजी एकट्या भारताची विजेची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली होती. जगातली प्रत्येक वीज पकडूनही त्या दिवशीची आपली चार टक्के गरज भागली असती.

आणि ही ऊर्जा आपल्या हाताशी येतच नाही, हा मुद्दा तर अजून बाकीच आहे.

पाच-सात किलोमीटर उंचीवर, गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली गेलेल्या थंडीत, ढगातले बर्फाचे बारीक स्फटिक आणि गारेसारखे जड कण एकमेकांवर आपटतात. त्यातून विद्युतभार वेगळा होतो आणि ढगाच्या मधल्या-खालच्या भागात ऋणभार साठत जातो. तिथून पन्नासएक मीटरच्या टप्प्याटप्प्याने एक वाट हवेतून खाली उतरते. जमिनीच्या जवळ आल्यावर तिला खालून दुसरी ठिणगी येऊन भेटते आणि त्या जोडलेल्या वाटेवरून खरा झोत धावतो. आपल्याला दिसतो तो हाच लोळ. काही सेंटिमीटर जाडीच्या, पण किलोमीटरच्या किलोमीटर लांब अशा त्या नळीतली हवा ३० हजार अंश सेल्सियसपर्यंत तापते, स्फोटासारखी फुगते, आणि तोच गडगडाट. विजेची जवळपास सगळी ऊर्जा ही वाट पाडण्यात आणि तिच्यातली हवा तापवण्यात खर्च होते. प्रकाश, आवाज, रेडिओवरची खरखर हेही त्यातूनच. जिथे वीज पडते त्या जागी मूळ ऊर्जेचा शंभरावा ते हजारावा भागच उरतो. २७८ युनिटमधली पावणेतीन, किंवा पाव युनिटच.

स्वित्झर्लंडमधल्या सँटिस पर्वताच्या माथ्यावर १२४ मीटर उंचीचा दूरसंचार मनोरा आहे. वर्षाकाठी त्याच्यावर सुमारे शंभर विजा पडतात, म्हणून संशोधकांनी तिथे मोजमापाची यंत्रणाच बसवली आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात मनोऱ्याशेजारून आकाशात लेसर सोडून विजेची वाट पन्नासएक मीटर वळवून दाखवण्याचा प्रयोगही तिथेच झाला. विजेचं केंद्र काढायला याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल. शंभर विजांची समजा पूर्ण ऊर्जा मिळाली, तर वर्षाला २७,८०० युनिट होतात. आपल्याकडे गच्चीवरच्या एक किलोवॉट सौर पॅनेलमधून वर्षाला चौदाशेच्या आसपास युनिट मिळतात. म्हणजे एका सोसायटीच्या छतावरचे वीस किलोवॉटचे पॅनेल तेवढं काम करतात. मनोऱ्याच्या पायथ्याशी प्रत्यक्ष पोहोचणारा शंभरावा भाग धरला तर वर्षाचे २७८ युनिट. शंभर विजांनंतरही आपलं ते घर पुन्हा पावणेतीन महिनेच चालणार.

ही पायथ्याची ऊर्जा तरी घेता येईल का? इथेच खरी अडचण आहे. विजेच्या वाटेत आपण काहीतरी यंत्र ठेवणार, त्याला काही रोध असणार, आणि त्या रोधातून प्रवाह जाताना ऊर्जा मिळणार. रोध कमी ठेवला तर ऊर्जा मिळत नाही. जाड तांब्याच्या पट्टीतून वीज जवळपास काहीही न देता निघून जाते. म्हणून समजा, १० ओहमचा रोध ठेवला. नेहमीच्या विजेचा पहिला झोत त्यात साडेपाच लाख ज्यूल सोडेल. म्हणजे ०.१५ युनिट. ७५ वॉटचा छताचा पंखा त्यावर दोन तास फिरेल. पण ३० हजार अँपिअर १० ओहममधून जाताना त्या यंत्राच्या दोन टोकांत तीन लाख व्होल्टचा दाब येतो.

जास्त ऊर्जा हवी म्हणून रोध वाढवला तर? एक पूर्ण युनिट मिळवायला साधारण ६५ ओहम लागतील, आणि दाब जाईल वीस लाख व्होल्टच्या आसपास. एवढा दाब यंत्रात थांबत नाही. तीन-चार मीटर हवा फोडून वीज यंत्राला बगल देते आणि बाजूच्या खांबावरून, भिंतीवरून किंवा माणसावरून जमिनीत उतरते. विजेला अडवून तिच्याकडून काम करून घ्यायला जावं, तर तीच जागा सोडून ती दुसरीकडून जाते. शंभरातल्या चार-पाच विजा याच्या दहापट ऊर्जा सोडतात, पण त्यांचा प्रवाह मोठा असतो आणि दाबही तेवढाच चढतो.

बॅटरीत भरायची म्हटलं तर हिशेब आणखी बिघडतो. एका संपूर्ण विजेतून जमिनीवर येणारा विद्युतभार असतो जेमतेम २० कूलोंब. आपल्या खिशातल्या पाच हजार मिलीअँपिअर-तासाच्या मोबाइलच्या बॅटरीतून एका चार्जमध्ये १८ हजार कूलोंब जातात, म्हणजे विजेच्या ९०० पट. विजेची ताकद भाराच्या प्रमाणात नाही, तर तिच्या कोट्यवधी व्होल्टच्या दाबात आहे. तो दाब ढग आणि जमिनीमधल्या पूर्ण अंतरावर पसरलेला असतो, आणि आपल्या यंत्राच्या वाट्याला त्यातला तुकडाच येतो. तेच २० कूलोंब १२ व्होल्टच्या बॅटरीत अचूक भरले, तरी साठतात २४० ज्यूल. तेवढ्यात दहा वॉटचा दिवा २४ सेकंद जळेल.

आकाशाचा हा दाब वापरायचा प्रयत्न खरोखर झालेला आहे, आणि तो गंभीर शास्त्रज्ञांनी केला. १९२७–२८ मध्ये आर्नो ब्राश, फ्रिट्झ लांगे आणि कुर्ट अर्बन या तिघांनी स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या मोंते जेनेरोझो डोंगरावर उंच तारा ताणल्या. त्यांना घरं उजळायची नव्हती. अणूचं केंद्रक फोडायला लाखो व्होल्टचा दाब हवा होता, आणि तो ते ढगांतून मिळवू पाहत होते. वादळाच्या वेळी त्यांच्या तारांवरून कित्येक मीटर लांबीच्या ठिणग्या उडाल्या. म्हणजे दाब मिळाला. पण १९२८ मध्ये अर्बन डोंगरावरून पडून मरण पावले. पुढे ब्राश आणि लांगे यांनी ढगांचा नाद सोडला आणि प्रयोगशाळेतच मोठा दाब तयार करणारं यंत्र उभारलं. त्यांच्या हेतूसाठी ऊर्जेची कमतरता हा अडथळा नव्हता, तरी ढगापेक्षा प्रयोगशाळाच कामाला आली. वीज आपल्याला हवी तेव्हा, हवी तिथे पडत नाही. मनोरा, तारा, रोधक सगळं उभं करून वर्षभर वाट पाहायची आणि हाती पंख्याचे काही तास पडायचे, हा व्यवहार कोणत्याही किमतीत बसत नाही.

मग पायथ्याशी पोहोचणारी ही एवढीशी ऊर्जा जीव कसा घेते? पुन्हा वेगामुळे आणि दाबामुळे. शेतातल्या झाडावर वीज पडली की तिचा प्रवाह मातीत सगळीकडे पसरतो. झाडापासून दहा मीटरवर उभ्या असलेल्या बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांखालच्या जमिनीत त्या क्षणी काही हजार व्होल्टचा फरक पडू शकतो. बैलाच्या अंगाला झाड न लागताही तो मरतो, ते यामुळे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसं दगावली. शेतात काम करणारी माणसं या धोक्याच्या सगळ्यात जवळ असतात.

तेव्हा शाळेच्या, मंदिराच्या, उंच इमारतीच्या माथ्यावर तडितरक्षक आहे का, आणि त्याची तांब्याची किंवा लोखंडी पट्टी कुठे तुटलेली वा चोरीला गेलेली तर नाही ना, हे पावसाळ्याआधी एकदा बघून घ्या. तिचं काम विजेला जराही न अडवता जमिनीत पोहोचवणं हेच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आसपास विजा पडत असल्याचा इशारा देतं, ते मोबाइलवर घ्या. गडगडाट कानावर आला की शेतातून, झाडाखालून, उघड्या गच्चीवरून पक्क्या घरात या, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाईपर्यंत बाहेर पडू नका.