शंभर डॉलरचं पेन घरी येईपर्यंत केवढ्याला पडतं?

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून हिशोब इथे सविस्तर दिला आहे.)

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. म्हणाला, "दादा, कुरिअरवाला दारात उभा आहे, साडेतीन-चार हजार मागतोय. मी तर पैसे आधीच भरलेत! हा फ्रॉड आहे का?" फ्रॉड नव्हता. त्याने अमेरिकेतल्या एका वेबसाइटवरून फाउंटन पेन मागवलं होतं, 100 डॉलरचं. त्याने मनात हिशोब केला होता की 100 गुणिले 90, म्हणजे नऊ हजार, आणि वर थोडं शिपिंग. घरी आल्यावर ते पेन सोळा हजारांच्या वर गेलं.

तर आज तेच पेन घेऊन पूर्ण हिशोब करू. सोपं जावं म्हणून डॉलरचा दर सगळीकडे 90 रुपये धरतोय. तुम्ही मागवाल त्या दिवशीचा दर तुम्ही घाला.

पहिला टप्पा: कार्ड

पेन 100 डॉलर, शिपिंग 30 डॉलर. एकूण 130 डॉलर, म्हणजे 11,700 रुपये. पण कार्डाच्या स्टेटमेंटवर एवढेच येत नाहीत. परदेशी चलनातल्या व्यवहारावर बँक मार्कअप लावते. बऱ्याच कार्डांवर तो 3.5 टक्के असतो, काहींवर 2 किंवा त्याहून कमी, आणि थोड्या कार्डांवर शून्य. शिवाय त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. लक्षात घ्या, हा जीएसटी पूर्ण रकमेवर नाही, फक्त मार्कअपवर.

11,700 चे 3.5 टक्के म्हणजे 409.50 रुपये. त्यावर जीएसटी साधारण 74. म्हणजे कार्डातून गेले सुमारे 12,183 रुपये. तुमच्या कार्डाचा मार्कअप किती, ते बँकेच्या शुल्काच्या तक्त्यात सापडतं. ऑर्डर देण्याआधी तो एकदा बघा.

इथे एक गोची आहे. काही साइट्स पैसे भरताना विचारतात, "रुपयांत भरता का?" आपल्याला वाटतं, बरं झालं, रूपांतराची कटकट गेली. पण मग दर ठरवतो तो दुकानदाराच्या बाजूचा माणूस, आणि त्यात त्याचा नफा मिसळलेला असतो. ओळखायचं कसं? दाखवलेल्या रुपयांना डॉलरने भागा. समजा 130 डॉलरचे 12,500 रुपये दाखवले, तर एक डॉलर 96 रुपयांच्या वर पडला. आपल्या कार्डाने, मार्कअप आणि जीएसटी धरूनही, तो 94 च्या आत पडला होता. अशा वेळी डॉलरच निवडा. काही बँका तर परदेशी दुकानाने रुपयांत लावलेल्या बिलावरही वेगळं शुल्क घेतात, म्हणजे दोन्हीकडून चाट.

दुसरा टप्पा: कस्टम्स

मावसभाऊ खरा अडकला तो इथे. ड्यूटी फक्त पेनाच्या किमतीवर लागत नाही. कस्टम्स आधी मालाचं मूल्य ठरवतं: किंमत, अधिक वाहतूक, अधिक विमा. त्यासाठी दरही कस्टम्सने जाहीर केलेला वापरतात, कार्डाचा नाही.

वाहतुकीबाबत एक नियम आपल्या फायद्याचा आहे. माल विमानाने आला, तर मूल्यात धरायचा वाहतूक खर्च मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त होत नाही. आपण शिपिंगला 30 डॉलर भरले, तरी ड्यूटीसाठी 20 डॉलरच धरायचे. विम्याची रक्कम माहीत नसेल तर किमतीच्या 1.125 टक्के धरतात.

म्हणून मूल्य झालं 9,000 अधिक 1,800 अधिक 101, म्हणजे 10,901 रुपये.

आता दर. 2026 च्या बजेटमध्ये वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या ड्यूटीपात्र मालाचा मूळ दर 20 वरून 10 टक्क्यांवर आणला गेला. आपण 10 धरू. त्या ड्यूटीच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार, आणि आयजीएसटी 18 टक्के धरू. मालानुसार हे दर बदलतात, काही मालावर अधिभार माफही असतो, पण रीत हीच राहते.

मूळ ड्यूटी 1,090. अधिभार 109. मग आयजीएसटी कशावर? फक्त 10,901 वर नाही! मूल्य, ड्यूटी आणि अधिभार या तिन्हींच्या बेरजेवर, म्हणजे 12,100 वर. तो येतो 2,178 रुपये. करावर कर बसतो तो असा. एकूण ड्यूटी 3,377. दहा, एक आणि अठरा मिळून 29 टक्के होतील असं वाटतं, प्रत्यक्षात मूल्याच्या 31 टक्के जातात.

तिसरा टप्पा: कुरिअर

खाजगी कुरिअर कंपनी ही ड्यूटी आपल्या वतीने आधी भरते आणि त्या सेवेचे पैसे घेते. ते 500 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी धरला, तर 590. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो. स्वस्त वस्तूला हाच खर्च सगळ्यात जड जातो, कारण दोन हजारांच्या मालालाही तो जवळपास तेवढाच लागतो.

आता बेरीज:

कार्डातून: 12,183
ड्यूटी: 3,377
कुरिअर: 590
एकूण: 16,150 रुपये

म्हणजे 9,000 च्या पेनाला जवळपास 1.8 पट. हेच पेन भारतातल्या दुकानात 14,000 ला मिळत असेल, तर "महाग आहे" म्हणून पुढे जाऊ नका. तेच स्वस्त आहे.

पैसे देण्याआधी काय तपासायचं?

पहिलं, साइटवर आयात शुल्क आधीच घेतलंय का ते बघा. घेतलं असेल, तर दारात पुन्हा देऊ नका, ऑर्डरची पावती दाखवा. दुसरं, कुरिअरकडून कस्टम्सच्या कागदाची प्रत मागा. त्यात मूल्य आणि प्रत्येक कराची रक्कम वेगळी असते, आणि माल कोणत्या वर्गात दाखवलाय तेही कळतं. वर्ग चुकला तर दरही चुकतो. नुसता मेसेज आणि लिंक आली असेल, तर पैसे भरू नका. आधी कुरिअरच्या साइटवर स्वतः ट्रॅकिंग नंबर टाकून बघा.

आणि विक्रेत्याला "गिफ्ट लिही, किंमत वीस डॉलर लिही" असं सांगायचा मोह टाळा. डिसेंबर 2019 पासून भेट म्हणून ड्यूटी न भरता माल आयात करायला बंदी आहे, जीव वाचवणारी औषधं आणि राखी एवढाच अपवाद. खोटी किंमत लिहिली तर माल जप्त होऊ शकतो आणि वर दंड.

एक शेवटचं. पेन आवडलं नाही आणि परत पाठवलं, तर परतावा त्या दिवशीच्या दराने येतो. मार्कअप सहसा परत मिळत नाही, आणि भरलेली ड्यूटी आपोआप परत येत नाही, तिची वेगळी प्रक्रिया आहे. मावसभावाने पेन ठेवून घेतलं. चांगलं लिहितं म्हणे. पण आता ऑर्डर देण्याआधी तो मला फोन करतो, कुरिअरवाला दारात आल्यावर नाही!