‘ड’ जीवनसत्त्व : आठवड्याची गोळी की रोजची?

ज्येष्ठांच्या औषधांच्या डब्यात हल्ली एक वस्तू हमखास सापडते. साठ हजार युनिटची ‘ड’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल किंवा दुधात मिसळून घ्यायची पुडी. तिच्या शेजारीच अनेकदा हजार किंवा दोन हजार युनिटची छोटी गोळीही असते. दोन्हींवर नाव एकच, काम एकच. परंतु पहिली आठवड्यातून एकदा घ्यायची आणि दुसरी रोज. हा भेद कुटुंबातील प्रत्येकाला ठाऊक असतोच असे नाही, आणि या औषधाबाबत घडणाऱ्या बहुतेक गंभीर चुका याच ठिकाणी होतात.

सात दिवसांतून एकदा घेतलेले औषध आठवडाभर कसे पुरते, हा प्रश्न मला रुग्ण नेहमी विचारतात. ‘ड’ जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळते. ते शरीरातील चरबीत साठते आणि यकृतात त्याचे जे रूप तयार होते, त्याची रक्तातील पातळी निम्म्यावर यायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. पाण्यात विरघळणाऱ्या ‘ब’ गटातील बहुतेक जीवनसत्त्वांसारखे जास्तीचे झाले की ते लघवीवाटे निघून जात नाही. आठवड्याचा डोस चालतो तो या गुणामुळे, आणि जास्तीचा डोस महागात पडतो तोही याच गुणामुळे. स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घेतल्यास ते अधिक चांगले शोषले जाते. म्हणून दुपारच्या जेवणानंतरची वेळ सोयीची.

रक्तचाचणीत ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी दर मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमपेक्षा कमी आली, तर ती सामान्यतः कमतरता समजली जाते. ती भरून काढण्यासाठी आपल्याकडे रूढ असलेला उपचार असा : साठ हजार युनिट, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. म्हणजे एकूण आठ कॅप्सूल. साठ हजारांना सातने भागले, तर रोजचे साडेआठ हजारांच्या आसपास युनिट होतात. याऐवजी तेवढाच काळ रोज सहा हजार युनिट देण्याचीही पद्धत आहे. दोन्ही मार्गांनी कमतरता भरून निघते. निवड ठरते ती घरातील शिस्तीवरून. रोजची गोळी विसरणाऱ्याला आठवड्याची बरी, आणि ज्याचा वारांचा गोंधळ होतो त्याला रोजची बरी. आठवड्याची कॅप्सूल चुकली, तर आठवण होईल त्या दिवशी घ्यावी. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत.

आठ आठवड्यांनंतर मात्र डोस उतरवायचा असतो. पुढे बहुतेक ज्येष्ठांना रोज एक ते दोन हजार युनिट किंवा महिन्यातून एकदा साठ हजार युनिट पुरतात. या टप्प्यावर मी रोजच्या लहान गोळीकडे झुकतो. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस देऊन एक मोठा अभ्यास झाला. तो 2010 साली प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांचे पडण्याचे आणि अस्थिभंगाचे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले आढळले. ‘एकदाच मोठे इंजेक्शन द्या, म्हणजे वर्षाची चिंता मिटेल’ अशी मागणी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता चूक कशी घडते, ते एका उदाहरणातून पाहू. चौऱ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ घरात घसरून पडले. मनगटाचे हाड मोडले, तपासणीत ‘ड’ जीवनसत्त्व 11 आले आणि इतर औषधांबरोबर कॅल्शिअमची रोजची गोळी व साठ हजारांची साप्ताहिक कॅप्सूल सुरू झाली. चिठ्ठीवर सहा औषधे रोजची होती, सातवे आठवड्याचे. सूनबाई दर रविवारी सात खणांची डबी मनोभावे भरत असत. त्यांनी ती कॅप्सूलही सातही खणांत घातली. पट्टीत चारच कॅप्सूल असत. संपली की दुकानातून नवी येई.

पाचव्या आठवड्यात आजोबांचे पोट साफ होईना. इसबगोल सुरू झाले. मग जेवणावरची वासना उडाली, मळमळू लागले. तहान वाढली, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागे. मधुमेहाची शंका आली, पण साखर योग्य निघाली. सातव्या आठवड्यात ते दिवसा झोपून राहू लागले, वार चुकवू लागले. ‘वयच झाले आता’ अशी घरच्यांची समजूत होत चालली होती.

तपासणीला येताना घरातील सर्व औषधे पिशवीत घालून आणा, असे मी सुचवले. पिशवीत रिकाम्या पट्ट्याही होत्या : बारा, आणि तेराव्यातून एक कॅप्सूल काढलेली. एकोणपन्नास दिवसांत एकोणपन्नास कॅप्सूल, म्हणजे 29 लाख 40 हजार युनिट. जिथे सातच कॅप्सूल जायला हव्या होत्या, तिथे सातपट. रक्तातील कॅल्शिअम 13.1 निघाले, ते साधारणतः 8.5 ते 10.5 असावे. ‘ड’ जीवनसत्त्व दीडशेच्या वर होते आणि मूत्रपिंडाच्या कार्याचा निर्देशक असलेले क्रिएटिनिनही वाढले होते.

या तक्रारींचे मूळ वाढलेल्या कॅल्शिअममध्ये होते. ‘ड’ जीवनसत्त्व आतड्यातून कॅल्शिअम शोषून घ्यायला मदत करते. त्याचा अतिरेक झाला की रक्तातील कॅल्शिअम चढते. मग आतड्यांची हालचाल मंदावते, मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत, त्यामुळे लघवी आणि तहान वाढते, आणि मेंदूवर सुस्ती येते. हे दीर्घकाळ राहिल्यास मूतखडे होतात, मूत्रपिंडांची हानी होते, हृदयाची लय बिघडू शकते.

आजोबांना पाच दिवस रुग्णालयात ठेवून शिरेतून सलाइन दिले. दोन्ही औषधे बंद केली. कॅल्शिअम पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले. चरबीत साठलेले जीवनसत्त्व ओसरायला त्याहून बराच अधिक काळ, काही महिने लागले. तोवर रक्तचाचण्या चालूच होत्या.

बद्धकोष्ठता, मळमळ, अरुची, वाढलेली तहान आणि लघवी, नवीनच आलेली गुंगी वा संभ्रम : ‘ड’ जीवनसत्त्व घेणाऱ्या ज्येष्ठात यांपैकी दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली, तर ते औषध आणि कॅल्शिअम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे आणि रक्तातील कॅल्शिअम तपासून घ्यावे. संभ्रम वाढत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा छातीत धडधड होत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. उन्हात बसल्याने मात्र असा अतिरेक होत नाही. त्वचा गरजेपुरतेच जीवनसत्त्व बनवते.

ज्यांना मूतखडा, मूत्रपिंडाचा विकार वा क्षयरोग आहे, किंवा जे हृदयासाठी डिगॉक्सिन अथवा रक्तदाबासाठी थायाझाइड गटातील लघवीची गोळी घेतात, त्यांनी साठ हजारांची कॅप्सूल स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नये. त्यांचे कॅल्शिअम लवकर चढू शकते, किंवा चढलेले कॅल्शिअम त्यांना अधिक बाधते.

साप्ताहिक कॅप्सूल रोजच्या डबीत कधीच ठेवू नये. ती वेगळ्या पाकिटात ठेवून त्यावर वार आणि शेवटची तारीख ठळक अक्षरांत लिहावी. दिनदर्शिकेवर आठ रविवारांना खूण करून, कॅप्सूल घेतली की ती खोडावी. आठवी खूण खोडली गेली, की दुकानातून पुढची पट्टी न आणता चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे. डोस कोणता चालू ठेवायचा आणि रक्तचाचणी पुन्हा केव्हा करायची, ते त्या भेटीत ठरते.