टीबीडब्ल्यूचा आकडा आणि नॅसची कॅश

नॅसमधल्या हार्ड डिस्क संथ वाटू लागल्या की त्यांच्या पुढे एसएसडीची कॅश लावावी, असा सल्ला मिळतो आणि तो बहुतेक वेळा योग्यही असतो. मग दुकानात पाचशे जीबीचे दोन ड्राइव्ह समोर येतात. दिसायला सारखे, वॉरंटी दोन्हींना पाच वर्षांची. क्रुशियल पी३च्या माहितीपत्रकात ११० टीबीडब्ल्यू लिहिलेलं असतं, डब्ल्यूडी रेड एसएन७००च्या पत्रकात १००० टीबीडब्ल्यू. एरवीच्या लॅपटॉपमध्ये हा नऊपट फरक जाणवतही नाही. कॅशसाठी ड्राइव्ह घेताना मात्र वेगापेक्षा आधी तोच पाहावा.

टीबीडब्ल्यू म्हणजे ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिलं जाईल तोवर कंपनी वॉरंटी पाळेल, तो आकडा. एसएसडीतली मेमरीची पेशी पुसून पुन्हा लिहिताना दर वेळी थोडी झिजते, म्हणून ही मर्यादा. वॉरंटीची वर्षं आणि टीबीडब्ल्यू यांपैकी जे आधी संपेल तिथे हमी संपते. डीडब्ल्यूपीडी हा त्याच गोष्टीचा दुसरा हिशेब आहे: वॉरंटीच्या काळात रोज किती वेळा अख्खा ड्राइव्ह भरून लिहिता येईल. टीबीडब्ल्यूला टेराबाइटमधल्या क्षमतेने आणि वॉरंटीच्या एकूण दिवसांनी भागलं की तो मिळतो. पाच वर्षांचे १८२५ दिवस धरले तर पी३चा येतो ०.१२ आणि एसएन७००चा १.१.

डीडब्ल्यूपीडी वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. ९६० जीबीच्या ड्राइव्हवर एक डीडब्ल्यूपीडी लिहिलं असेल आणि वॉरंटी तीन वर्षांची असेल, तर ते सुमारे १०५० टीबी होतात. पाच वर्षांची असेल तर १७५०. आकडा तोच, पण ड्राइव्हची सहनशक्ती वेगळी. दुसरं म्हणजे हा आकडा क्षमतेच्या प्रमाणात असतो. सॅमसंग ९७० इव्हो प्लसच्या दोन टीबीच्या ड्राइव्हचा डीडब्ल्यूपीडी जेमतेम ०.३३ आहे, पण त्याचे टीबीडब्ल्यू १२०० आहेत, म्हणजे वरच्या एसएन७००पेक्षा जास्त. म्हणून मी दोन्ही आकडे बाजूला ठेवून एकच गोष्ट काढते: हा ड्राइव्ह रोज किती जीबी लेखन सोसेल? पी३ पाच वर्षं रोज ६० जीबी, एसएन७०० रोज ५४८ जीबी. आता प्रश्न उरतो तो आपल्याकडे रोज किती लिहिलं जातं याचा, आणि खरी चूक इथेच होते.

समजा, पुण्यातलं एक छोटं वास्तुरचना कार्यालय आहे. चार हार्ड डिस्कचं नॅस, त्यावर नकाशे, त्रिमितीय मॉडेल आणि छायाचित्रं. सगळे मिळून दिवसाला साधारण ३० जीबीच्या फायली जतन करतात. त्या हिशेबाने पी३ दहा वर्षं पुरेल असं वाटतं. पण कॅशवर फक्त जतन केलेल्या फायलीच लिहिल्या जातात, हा समज चुकीचा आहे. कोणी जुना प्रकल्प उघडला आणि तो कॅशमध्ये नसला, तर नॅस तो हार्ड डिस्कवरून वाचतं आणि पुढच्या वेळेसाठी त्याची प्रत कॅशमध्ये ठेवतं. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते वाचन, एसएसडीच्या दृष्टीने लेखन. रोजच्या वापरातल्या फायली कॅशच्या आकाराहून जास्त असतील तर जुनं काढणं आणि नवं भरणं दिवसभर चालूच राहतं.

हे अंदाजाने कळत नाही, मोजावंच लागतं. हाताशी असलेला एखादा जुना एनव्हीएमई ड्राइव्ह आठवडाभर केवळ वाचनाची कॅश म्हणून लावावा. त्या प्रकारात मूळ प्रत हार्ड डिस्कवर असतेच, त्यामुळे तो ड्राइव्ह मेला तरी डेटा जात नाही. सुरुवातीला आणि आठवड्याने ही आज्ञा चालवावी. ड्राइव्हचं नाव आपल्या नॅसमध्ये जे असेल ते घालावं.

```
smartctl -a /dev/nvme0
```

त्यातल्या `Data Units Written` या ओळीतला आकडा टिपून ठेवावा. एनव्हीएमईमध्ये एक एकक म्हणजे ५,१२,००० बाइट. आपल्या कार्यालयात पहिला आकडा २,१४,६०,००० आणि आठवड्यानंतरचा २,२८,००,००० असेल, तर फरक १३,४०,००० एककांचा, म्हणजे ६८६ जीबी, रोजचे ९८. केवळ वाचनातून एवढं लेखन झालं. लेखनाचीही कॅश लावायची असेल तर त्यात जतन होणारे ३० जीबी मिळवायचे. झाले १२८.

लेखनाची कॅश लावताना दोन ड्राइव्ह आरशासारखे जोडतात, कारण हार्ड डिस्कवर अजून न पोहोचलेला डेटा त्यांच्यातच असतो. तेव्हा अनेक जण १२८चे अर्धे करतात. ते चूक आहे. दोन्ही ड्राइव्हवर तेच लिहिलं जातं, म्हणजे प्रत्येकावर रोज पूर्ण १२८ जीबी. पी३चे ११० टीबी मग ८५९ दिवसांत संपतात, दोन वर्षं चार महिन्यांत. एसएन७००ला त्याच वेगाने एकवीस वर्षं लागतील. मधला पर्याय म्हणून ३०० टीबीडब्ल्यूचा ५०० जीबी ९७० इव्हो प्लस घेतला तर सहा वर्षं पाच महिने. या कार्यालयाला तो कागदावर पुरतो, पण मी तरी त्यावर थांबणार नाही.

याचं कारण असं की टीबीडब्ल्यू मोजतो ते नॅसने पाठवलेलं लेखन; आत पेशींवर प्रत्यक्षात त्याहून जास्त लिहिलं जातं. एसएसडी छोट्या पानांत लिहितो, पण पुसतो मोठ्या गठ्ठ्यात. गठ्ठा मोकळा करायचा तर त्यातली कामाची पानं आधी दुसरीकडे हलवावी लागतात, आणि ते हलवणंही लेखनच. कॅशमध्ये हे अधिक घडतं, कारण तिथे लेखन लहान-लहान आणि विखुरलेलं असतं आणि ड्राइव्ह जवळपास कायम भरलेला असतो. घरगुती ड्राइव्हची चाचणी जेडेकच्या मानकानुसार घरगुती वापराच्या नमुन्यावर होते, सर्व्हरच्या ड्राइव्हची त्याहून कठोर नमुन्यावर. त्यामुळे दोघांवर ६०० टीबीडब्ल्यू लिहिलं असलं तरी कॅशमध्ये ते सारखे टिकतील असं धरू नये.

ड्राइव्ह लावल्यावर हे तपासता येतं. त्याच यादीत `Percentage Used` अशी ओळ असते. ती कंपनीच्या मोजणीनुसार किती आयुष्य वापरलं गेलं ते सांगते. टीबीडब्ल्यूच्या २० टक्केच लेखन झालं आहे आणि इथे ३५ दिसतंय, तर आतलं लेखन गृहीत धरलं होतं त्याहून बरंच जास्त आहे असं समजावं. अशा वेळी नॅस परवानगी देत असेल तर कॅश ड्राइव्हच्या पूर्ण क्षमतेची न करता काही भाग रिकामा सोडावा, म्हणजे गठ्ठे मोकळे करायला जागा मिळते. मोठ्या सलग फायली कॅशला वगळून थेट हार्ड डिस्कवर पाठवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी.

हा आकडा १००वर गेला म्हणून ड्राइव्ह त्या दिवशी बंद पडत नाही. तो पुढेही वाढत जातो. जेडेकच्या मानकात टीबीडब्ल्यू संपल्यावरही घरगुती ड्राइव्हने वीज नसताना ३० अंश तापमानात वर्षभर डेटा राखावा अशी अपेक्षा आहे. पण लेखनाच्या कॅशमध्ये ताण देऊन पाहण्यात अर्थ नाही. एकत्र लावलेले दोन ड्राइव्ह एकाच गतीने झिजतात आणि एकाच सुमारास थकतात. दोघेही बसले तर हार्ड डिस्कवर न उतरलेलं लेखन जातं आणि अख्ख्या व्हॉल्यूमची रचना बिघडू शकते. म्हणून दोन्हींचं `Percentage Used` ५०च्या आसपास आलं की त्यातला एक बदलून नवा घालावा आणि दुसरा काही महिन्यांनी, म्हणजे दोघांची झीज पुन्हा कधी बरोबरीने चालणार नाही. काढलेला ड्राइव्ह वाचनाच्या कॅशसाठी अजून उत्तम चालतो.