पहिलं शाईचं पेन घेताना

शाईच्या पेनांच्या दुकानात शिरलेलं नवं गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं ते कंपनीचं नाव. त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: आपण लिहिणार कोणत्या कागदावर, आणि कोणत्या लिपीत? बहुतेकांचं उत्तर असतं साधी दोनशेपानी वही आणि देवनागरी. एवढ्यावरून अर्धी निवड होऊन जाते.

देवनागरीत ‘ध’ आणि ‘घ’, किंवा ‘भ’ आणि ‘म’, यांच्यातला फरक शिरोरेघेतल्या जेमतेम मिलिमीटरभर फटीवर उभा असतो. निब जाड असली, किंवा कागदावर शाई फुटली, की ती फट बुजते आणि ‘धन’ची ‘घन’ होते. वेलांट्या आणि रफारांची रेघेवर होणारी गर्दी तर वेगळीच. म्हणून पहिल्या पेनाला बारीक, म्हणजे एफ खुणेची निब घ्यावी. मात्र सगळ्यांचं एफ सारखं नसतं. पायलट, प्लॅटिनम, सेलर या जपानी कंपन्यांची एफ निब साधारण ०.३ मिलिमीटरची रेघ काढते, कारण तीही गिचमीड चित्राक्षरांची लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडलेली आहे. जर्मन एफ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे जपानी एमच्या जवळ. अक्षर लहान असेल तर जपानी एफ, टपोरं असेल तर जपानी एम किंवा जर्मन एफ. एम आणि त्यापुढच्या जाड युरोपियन निबा चांगल्या गुळगुळीत कागदावर शोभतात. आपल्या वहीत त्या मागच्या पानावरही लिहितात.

सोन्याच्या निबेच्या मोहात पहिल्या खेपेला पडू नये. कागदाला टेकतं ते सोनं नसतंच. निबेच्या टोकाला एका कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो. स्टीलच्या चांगल्या निबेलाही तो असतो. लिहिताना गुळगुळीत वाटणं हे त्या मण्याच्या घासणीवर आणि मधल्या चिरेच्या दोन्ही बाजूंच्या पात्या एका पातळीत असण्यावर अवलंबून आहे.

आता शाई भरण्याची पद्धत. इथे जरा थांबायला हवं, कारण शाईच्या पेनाबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेली पद्धत म्हणजे पेन उघडायचं आणि ड्रॉपरने नळीतच शाई ओतायची. अशा पेनात तीन-चार मिलिलिटर शाई सहज मावते. भरलेलं असतं तोवर हे पेन गुणी बाळासारखं लिहितं. शाई तळाला गेली की मात्र एकाएकी टपकन डाग पाडतं. दोष बहुधा निबेचा नसतो. शाई जसजशी संपते तसतशी तिच्या जागी नळीत हवा येते. समजा चार मिलिलिटरच्या पेनात आता एकच मिलिलिटर शाई उरली आहे आणि तीन मिलिलिटर हवा आहे. सकाळी पंचवीस अंशांवर असलेलं पेन हाताच्या उबेने पस्तीस अंशांवर गेलं, तर ती हवा तीन-साडेतीन टक्क्यांनी फुगते. म्हणजे सुमारे ०.१ मिलिलिटर शाई बाहेर ढकलली जाते, आणि ते झाले जवळजवळ दोन थेंब. निबेखालच्या जिभेला आडव्या खाचा असतात त्या अशीच जादा शाई धरून ठेवायला, पण त्यांनाही मर्यादा आहे. तेच पेन भरलेलं असताना आत अर्धा मिलिलिटर हवा असेल, तर ढकलली जाते ती अर्ध्या थेंबाहूनही कमी शाई. ती खाचांमध्ये मुकाट्याने सामावते.

हाच हिशेब घाटालाही लागू होतो. मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्यापर्यंत आपण सहाशे मीटरहून थोडं वर चढतो आणि हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी उतरतो. अर्धवट भरलेलं ड्रॉपरचं पेन बॅगेत आडवं पडलं असेल, तर टोपणात तीन-चार थेंब जमलेले सापडणारच. पेन खिशात निब वर करून उभं ठेवलं की शाईऐवजी हवा बाहेर पडते आणि शर्ट वाचतो. विमानात तर पेन एकतर पूर्ण भरलेलं न्यावं नाहीतर रिकामं.

कन्व्हर्टर हा यावरचा उपाय. ही एक छोटी काढती-घालती पिचकारी असते. निब शाईत बुडवायची, मागचा मळसूत्री दांडा फिरवायचा, शाई आत ओढली जाते. तिच्यात मावते जेमतेम अर्धा ते एक मिलिलिटर, म्हणून भराभर लिहिणाऱ्याला ती दोन-तीन दिवसांत पुन्हा भरावी लागते. पण हवा मुळातच थोडी असल्याने फुगून फुगणार किती! शिवाय कन्व्हर्टर आणि नळी यांच्यात मोकळी जागा राहते, त्यामुळे हाताची ऊब शाईपर्यंत उशिरा पोचते. पेन धुणंही सोपं: त्याच पिचकारीने पाणी आत-बाहेर करायचं, स्वच्छ पाणी येईपर्यंत. पहिल्या पेनाला माझं मत निःसंकोचपणे कन्व्हर्टरला. विकत घेताना एवढंच विचारावं की कन्व्हर्टर सोबत मिळतो का, आणि नसेल तर कोणता बसतो. पायलट, प्लॅटिनम, लामी यांचे कन्व्हर्टर एकमेकांना चालत नाहीत. प्लॅटिनमच्या स्वस्त प्रेपी पेनाची तर गंमत अशी की त्याचा कन्व्हर्टर जवळपास पेनाच्याच किमतीला पडतो.

नळीतच पिस्टन बसवलेली पेनं, उदाहरणार्थ तैवानच्या ट्विस्बी कंपनीचं इको, हा मधला मार्ग आहे. शाई भरपूर, भरणं सोपं, पण धुवायला वेळ लागतो. दर आठवड्याला रंग बदलायची हौस असेल तर कंटाळा येईल.

आता कंपन्या. कंपनी भरवशाची आहे की नाही हे जाहिरातीवरून नाही, तर निब कुठली, सुटी मिळते का आणि बिघडलं तर कोण बघणार, या तीन गोष्टींवरून ठरवावं. जपानची पायलट कंपनी स्वस्त पेनांच्या निबाही सातत्याने चांगल्या काढते. तिचं काकुनो किंवा मेट्रोपॉलिटन डोळे झाकून घ्यावं असं आहे. प्रेपी अगदी साधं प्लास्टिकचं, पण त्याच्या टोपणात आतून स्प्रिंगचं दुसरं झाकण आहे, त्यामुळे महिनाभर विसरलं तरी शाई सुकत नाही. जर्मनीच्या लामीचं सफारी १९८० पासून चालू आहे. त्याची निब सेलोटेप चिकटवून पुढे ओढली की निघते आणि दुसरी सरकवता येते. निब खराब झाली म्हणून पेन टाकून द्यावं लागत नाही. मात्र सफारीची पकडण्याची जागा तिकोनी आहे. ज्यांना पेन फिरवून, तिरकं धरून लिहायची सवय आहे त्यांच्या बोटांशी ती भांडते, म्हणून हातात धरल्याशिवाय घेऊ नये.

भारतीय पेनांत दिल्लीच्या परिसरातली कॅनराइट स्वतःच्या निबा बनवते आणि त्या सुट्याही विकते. हजार रुपयांच्या आतल्या पेनांत ही मोठी सोय आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे रत्नम, ज्यांनी १९३० च्या दशकात गांधीजींना स्वदेशी पेन पाठवलं होतं, आणि दक्षिणेतले इतर कारागीर एबोनाइटची देखणी पेनं हाताने घडवतात. एबोनाइट उष्णता हळू पोचवतं, त्यामुळे जाड नळीच्या अशा पेनात डागांचा त्रास थोडा कमी होतो. पण त्यातली बरीच ड्रॉपरने भरायची असतात आणि निब कधीकधी जुळवून घ्यावी लागते. ती दुसरं पेन म्हणून घ्यावीत, पहिलं म्हणून नको. नामांकित पेनांच्या नकला बाजारात सर्रास मिळतात, म्हणून किंमत संशयास्पद कमी दिसली तर ओळखीच्या दुकानातूनच घ्यावं.

दुकानात निब शाईत बुडवून लिहून दाखवतात, त्याने फसू नये. बुडवलेली कोणतीही निब पहिल्या चार ओळी तुडुंब लिहिते. अर्धं पान लिहावं, तेही स्वतःच्या वहीतलं पान नेऊन. निब एकाच दिशेला खरखरत असेल तर एक पाती वर आणि एक खाली आहे. भिंगातून बघितलं की दिसतं. चारही दिशांना गुळगुळीत, पण अक्षर सुरू करताना पहिलीच रेघ कोरी जात असेल, तर मणी जास्त घासून गोल झाला आहे. दोन्ही पेनं परत करावीत. वरून दाब देऊन लिहायला लावणारं पेनही नको. बॉलपेनाची ती सवय मोडायलाच तर आपण आलो आहोत.

शाईत निवड सोपी आहे. पहिली बाटली साधी निळी घ्यावी, पाण्याने धुतली जाणारी. मराठी घरांना ओळखीची कॅमल शाई चालेल. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये गिरगावात शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून कॅमलिनचा धंदा सुरू केला होता. बंगळूरची ब्रिल, कोलकात्याची सुलेखा, पार्करची क्विंक याही चालतील. तीस मिलिलिटरच्या बाटलीत कन्व्हर्टर चाळीसेक वेळा भरतो, तेव्हा महागडी शाई घेतली तरी खिशाला फार लागत नाही. दुकानात शेजारीच ठेवलेली वॉटरप्रूफ ड्रॉइंगची शाई मात्र पेनात कधीही घालू नये. ती टाक आणि कुंचल्यासाठी असते. तिच्यातली लाख वाळली की जीभ कायमची बंद.

साध्या निळ्या शाईचा तोटा उघड आहे: वहीवर पाणी सांडलं की मजकूर गेला. टिकाऊ लिहायचं असेल तर लोहयुक्त निळी-काळी किंवा बारीक कणांची काळी शाई मिळते, पण अशा पेनाला पंधरा दिवस पडून राहू द्यायचं नाही आणि महिन्याला एकदा नीट धुवायचं. ही शिस्त अंगात आल्यावर त्या शायांकडे वळावं. पावसाळ्यात बाटलीत पांढरे तंतू तरंगताना दिसले किंवा कुबट वास आला तर ती बुरशी आहे. बाटली फेकावी, पेन धुवावं.

नवं पेन आणल्यावर शाई भरण्याआधी भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकलेल्या कोमट पाण्याने धुवावं, मग साध्या पाण्याने. कारखान्यातलं तेल जिभेवर राहिलेलं असतं आणि त्याने शाई अडते. तरीही अडखळलं तर आधी शाई बदलून बघावी, मग कागद. दोन्ही बदलूनही चालत नसेल, तर पावती घेऊन दुकान गाठावं.