डिस्चार्ज कार्डाच्या मागचे कागद

समजा, डेंग्यूने पाच दिवस रुग्णालयात काढलेल्या माणसाचा विमा दावा फेटाळला गेला. कारण असे दिले : ‘दाखल होण्याची गरज नव्हती, बाह्यरुग्ण म्हणून उपचार चालले असते.’ डिस्चार्ज कार्डावर एवढेच असते की ताप होता, सलाईन दिले, प्रकृती सुधारली. या तीन ओळी वाचून विमा कंपनीचा डॉक्टर असा निष्कर्ष काढू शकतो.

खरी हकीकत इनडोअर केस पेपरमध्ये असते. दुसऱ्या रात्री रक्तदाब ९०/६० वर आला, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात आणि प्लेटलेट्स ३८ हजारांवर उतरल्या, हे सगळे परिचारिकेने तक्त्यात वेळेसकट लिहिलेले असते. सलाईनचा वेग कधी वाढवला, डॉक्टर रात्री पुन्हा कधी येऊन गेले, हेही तिथेच सापडते. असा रुग्ण घरी ठेवणे धोक्याचे होते, हे या नोंदींवरून दाखवता येते.

म्हणून ‘फाइल द्या’ असा मोघम अर्ज करू नये. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज करून त्यात रुग्णाचे नाव, आंतररुग्ण क्रमांक आणि दाखल व डिस्चार्जच्या तारखा लिहाव्यात. दाखल होतानाची टिपणे, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, परिचारिकांचे तक्ते, औषधांचा तक्ता, सगळे तपासणी अहवाल आणि तपशीलवार बिल नावानिशी मागावे. प्रती पृष्ठक्रमांकासह आणि सही-शिक्क्याने प्रमाणित हव्यात, हेही नमूद करावे. रुग्णाऐवजी नातेवाईक जाणार असेल तर रुग्णाच्या सहीचे अधिकारपत्र जोडावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, कारण पुढची मुदत त्या तारखेपासूनच मोजली जाते.

डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यायची असतात. आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे बंधनही त्यातच आहे. तीन वर्षे उलटल्यावर फाइल मिळेलच असे नाही. ‘आम्ही कागद फक्त विमा कंपनीला देतो’ असे सांगितले, तर तो नकार लेखी मागावा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करावी.

प्रती हाती आल्या की घरी नेण्याआधी तिथेच पाने मोजावीत. रात्रपाळीचा एखादा तक्ता गळला, तर नेमका तोच पुरावा हातातून जातो. कुठे चुकीची नोंद दिसली, तर मूळ पानावर खाडाखोड करून घेण्याचा मोह टाळावा. तशा खाडाखोडीने अख्ख्या फाइलवर संशय येतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून खुलाशाचे स्वतंत्र, तारखेचे पत्र घ्यावे.

मग त्या रात्रीच्या पानांचे क्रमांक देऊन कंपनीच्या तक्रार विभागाला लिहावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार कायम राहिला, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे वकील लागत नाही आणि शुल्कही नसते. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.