निवृत्तीनंतरचे कपाट

निरोपसमारंभातली शाल घडी करून ठेवण्यासाठी कपाट उघडले जाते आणि मग समोरच्या इस्त्रीच्या शर्टांचे काय करायचे, हा प्रश्न पहिल्यांदाच उभा राहतो. निवृत्तीपूर्व मार्गदर्शनात निवृत्तिवेतन, ठेवी, आरोग्यविमा यांवर भरपूर बोलले जाते. कपड्यांविषयी मात्र कोणी दहा मिनिटेही बोलत नाही. मग बहुतेकांच्या बाबतीत दोनपैकी एक गोष्ट घडते. दिवसभर जुनी लुंगी किंवा विटलेला गाऊन अंगावर राहतो आणि दारावरची घंटा वाजली की धावपळ उडते. नाही तर हाती आलेल्या रकमेतून उत्साहाने खरेदी होते आणि सहा महिन्यांत ती कपाटातच पडून राहते. नव्या निवृत्तांसाठी असे दहा मिनिटांचे व्याख्यान द्यायचेच झाले, तर त्याची सुरुवात कपाटापासून नव्हे, दिवसाच्या हिशेबापासून करावी लागेल.

तास मोजा, मग कपडे

उदाहरणादाखल डोंबिवलीत राहणारे आणि मुंबईतील कार्यालयातून नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ घेऊ. त्यांच्या कपाटात १४ पँट, २२ शर्ट, एक सूट आणि दोन झब्बे आहेत. घरात घालण्यासाठी मात्र दोनच जुन्या लुंग्या. आता त्यांचा दिवस पाहा. सकाळी सहा ते रात्री दहा हे जागेपणाचे १६ तास धरले, तर आठवड्याचे ११२ तास होतात. सकाळचे फिरणे एक तास आणि भाजी, वाचनालय, बँक मिळून रोज सरासरी दीड तास. म्हणजे आठवड्यातले साडेसतरा तास घराबाहेर आणि उरलेले जवळजवळ ९५ तास घरात. कपाट मात्र बरोबर उलटे भरलेले आहे.

किती जोड हवेत, हे धुण्याच्या वारावर ठरते. घरी दिवसाआड कपडे धुतले जात असतील, तर वापरात दोन, वाळत असलेला एक आणि हाताशी एक असे चार जोड पुरतात. फिरण्यासाठी घाम येणारे कपडे लागतात, त्याचे तीन जोड पुरे. बाहेरच्या कामांचे कपडे तास-दोन तासच अंगावर राहतात. त्यासाठी चार पँट आणि सहा शर्ट कमी पडत नाहीत. सूट आणि झब्बे लग्नकार्यासाठी. म्हणजे या गृहस्थांना खरी उणीव आहे ती घरच्या चार जोडांची, आणि तीच सहसा कोणी भरून काढत नाही.

जुनी पँट घरात का चालत नाही

‘चांगल्या पँट आहेत, त्याच घरात वापरू’ हा विचार काटकसरीचा वाटतो. अडचण शिवणीत आहे. कार्यालयीन पँट खुर्चीत बसण्यासाठी आणि उभे राहण्यासाठी बेतलेली असते. घरात माणूस मांडी घालून बसतो, वाकतो, पलंगावर पाय घेतो. परीक्षा सोपी आहे. पँट घालून जमिनीवर मांडी घालावी. फक्त कमरेत घट्ट होत असेल, तर मागच्या शिवणीत माया शिल्लक आहे का ते उलटून पाहावे. माया असेल, तर शिंपी साधारण दीड-दोन इंच सोडवून देऊ शकतो. पण मांड्या आणि गुडघ्यांवर कापड ताणले जात असेल, तर दोष आसनात आहे. तिथे सोडवायला कापडच नसते. अशा पँटवर शिलाई खर्च करू नये.

दुसरी गोष्ट उंचीची. कार्यालयीन पँटचे माप बूट घालून घेतलेले असते. घरात अनवाणी वावरताना तीच पँट टाचेखाली येते आणि न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर किंवा जिन्यात पाय अडकतो. साठीनंतर असे पडणे महागात पडते. त्यामुळे घरच्या पायजम्याचे माप अनवाणी उभे राहून द्यावे आणि तो घोट्याच्या हाडाशी संपावा. नाडीपेक्षा एक ते सव्वा इंच रुंदीचे इलॅस्टिक सोयीचे. ते कमरेत रुतत नाही आणि घाईच्या वेळी गाठ सोडवत बसावे लागत नाही.

घरच्या सदऱ्यासाठी सुती कापड घेतले, तर शिवायला देण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे. कोरे सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत आटते. चाळीस इंच उंचीच्या झब्ब्यात दीड-दोन इंचांचा फरक सहज पडतो. मोबाइल आणि चष्म्यासाठी छातीवर खोल खिसा मागून घ्यावा. बाजूच्या खिशातून या वस्तू बसताना हमखास घसरतात.

साड्यांचे काय?

नोकरी केलेल्या स्त्रियांकडे खळ केलेल्या सुती साड्यांचा साठा असतो. रोज नेसायच्या नसतील, तर त्या खळीसकट ठेवू नयेत. खळीला कसर लागते आणि घडीच्या रेषेवर कापड तुटते. साड्या धुऊन, खळ काढून, पूर्ण वाळवून ठेवाव्यात आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी. घट्ट झालेल्या ब्लाऊजच्या बाजूंना बहुधा दोन-तीन शिवणी असतात. आतली एक उसवली की बरीच सैल होते. साडीचे कापड उजेडात धरून हलके ताणून पाहावे. विरलेले नसेल, तर साडेपाच मीटरमध्ये दोन कुर्ते निघतात. गाऊन आणि साडी यांच्या मधली, दार उघडायला आणि वाण्याकडे जायलाही चालणारी जागा हे कुर्ते भरून काढतात. विरले असेल, तर त्या साडीची गोधडी उत्तम.

पावसाळ्याची पळवाट

आरामासाठी सगळेच सुती घ्यावे, हा सल्ला मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात टिकत नाही. जाड सुती आणि खादीचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो. तेव्हा टेरिकॉटच्या कार्यालयीन शर्टांपैकी चार-पाच सैलसे शर्ट पावसाळ्यासाठी राखून ठेवावेत. सूट मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. दमटपणा आत अडकून बुरशी धरते. सुती पिशवीत ठेवून उघडीप मिळताच वारा द्यावा.

तीन महिने थांबा

सगळे एका दिवसात निकालात काढण्याचीही घाई नको. जेवणाच्या वेळा आणि चालणे बदलल्याने पहिल्या काही महिन्यांत कमरेचे माप वर-खाली होते. घरचे दोनच जोड आधी शिवावेत, महिनाभर वापरावेत आणि खटकलेल्या गोष्टी सुधारून उरलेले दोन शिवावेत. दरम्यान, धुऊन आलेला प्रत्येक कपडा कपाटात डाव्या टोकाला ठेवत जावा. तीन महिन्यांनी उजवीकडे उरतील ते न लागणारे कपडे. ऋतूचे आणि समारंभाचे त्यातून वगळले की बाकीचे धडधाकट असतानाच, बटणे लावून, धुऊन गरजूंना द्यावेत. बोहारणीची वाट पाहत पाच वर्षे ठेवलेला शर्ट तोवर घडीवरच पिवळा पडलेला असतो. मग त्याचे भांडेही धड येत नाही.